सिन्नरच्या क्वालिटी पोस्टसाठी तुमचा रिझ्युमे पाठवू का? (उत्तर गुरुवार संध्याकाळपर्यंत)

नमस्कार प्रशांत,

काल फोनवर बोललो त्याच पोस्टबद्दल लिहितेय, सिनियर इंजिनियर क्वालिटी अश्युरन्स, सिन्नर. कंपनीचं नाव फोनवर सांगितलंय तेच, मेलमध्ये मुद्दाम टाकत नाही कारण नवीन लाइन अजून त्यांनी बाहेर जाहीर केलेली नाही आणि जागा पण पोर्टलवर टाकलेल्या नाहीत. तुमचा रिझ्युमे अजून माझ्याकडेच आहे, कुणालाही गेलेला नाही, आणि तुमचं लेखी हो आल्याशिवाय जाणारही नाही.

आधी काम काय ते थोडक्यात. पीपीएपी आणि कस्टमर कम्प्लेंट्स दोन्ही तुमच्याकडे, हाताखाली चार इन्स्पेक्टर, सीएमएम रूम वेगळी आहे पण रिपोर्ट तुम्हालाच बघावे लागतील. आयएटीएफ 16949 चं ऑडिट फेस केलेला माणूस त्यांना हवाय, ते तुमच्याकडे आहे. कंपनीच्या रोलवर घेणार, थर्ड पार्टी पेरोल नाही, हे मी एचआरकडून दोनदा कन्फर्म करून घेतलंय कारण आपल्याकडे ऑन-रोल म्हणून बोलावतात आणि ऑफर लेटर भलत्याच एजन्सीचं हातात येतं. बजेट साडेसात ते आठ लाख सीटीसी, पण त्यात कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के धरलेत, त्यामुळे इन-हँड किती पडेल याचं ब्रेकअप मी ऑफरच्या आधी मागून देईन, आत्ताच आकडा लावून बसू नका. बस द्वारका आणि बिटको पॉइंटवरून आहे. तुम्ही इंदिरानगरला राहता म्हणजे द्वारकेपर्यंत स्वतःचं स्वतः यायचं, पुढे शिंदे टोल आणि मोहदरी घाट. अंबडला दहा मिनिटांत पोचायची सवय असलेल्या माणसाला हे रोजचं जाणवतं, तेव्हा घरी बोलून घ्या.

आता खरा मुद्दा. तुमची आत्ताची कंपनी याच क्लायंटला मशीन्ड पार्ट देते. तुमच्या रिझ्युमेत कस्टमर ऑडिटच्या यादीत त्यांचं नाव तुम्हीच लिहिलंय. म्हणजे त्यांचे सप्लायर क्वालिटीवाले तुमच्या प्लांटला येऊन जातात, तुमच्या क्वालिटी हेडबरोबर चहा घेतात, आणि नाशिकची एमआयडीसी किती लहान आहे ते मी तुम्हाला काय सांगायचं. मी तुमचं नाव न घेता त्यांच्या एचआरला विचारलं की व्हेंडरकडचा माणूस चालेल का, तर म्हणाले लेखी बंदी अशी काही नाही पण फायनल करताना वरचे लोक विचार करतात. रिझ्युमे फक्त एचआर आणि त्यांचे क्वालिटी हेड या दोघांनीच बघायचा आणि ऑफर स्वीकारेपर्यंत तुमच्या कंपनीत कुठलाही रेफरन्स चेक करायचा नाही, हे मी मेलवर लिहून घेईन. पण एकदा कागद त्यांच्याकडे गेला की पुढे कोण कुणाला काय बोललं याची गॅरंटी मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. हा धोका तुम्हाला चालतो का ते तुम्ही ठरवायचं, म्हणूनच एवढं लांबण लावतेय.

दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. तुम्ही नोव्हेंबर 2021 ला जॉइन झालात, पाच वर्षं नोव्हेंबर 2026 ला पूर्ण होतात, आणि क्लायंटला माणूस सप्टेंबरअखेर हवाय. तुमच्या पे स्लिपवर बेसिक 26,000 आहे, डीए वेगळा नाही, म्हणजे 15 भागिले 26 च्या हिशोबाने वर्षाला 15,000, पाच वर्षांचे 75,000. चार वर्षांनंतर पाचव्या वर्षात 240 दिवस भरले की देणाऱ्या कंपन्या आहेत आणि कोर्टाचे तसे निकालही आहेत, पण तुमचं एचआर काय धरतं ते अपॉइंटमेंट लेटर किंवा पॉलिसीत गुपचूप बघून ठेवा, सरळ विचारायला जाऊ नका, लगेच ओळखतात. मिळत नसेल तर मला आत्ताच सांगा, मी जॉइनिंग बोनसमध्ये मागून बघते, ऑफर हातात आल्यावर मागितलं तर क्लायंट चिडतो. पीएफची काळजी नको, यूएएन तोच राहतो, फक्त ट्रान्सफर करा, काढू नका.

रिझ्युमेत मी तीन बदल केलेत, जोडलेली फाइल नीट वाचा. आधार नंबर आणि जन्मतारीख काढली, या स्टेजला कुणाला लागत नाही. शेवटी रेफरन्स म्हणून तुमच्या प्लांट हेडचा मोबाईल नंबर होता तो पण काढला (अहो, नोकरी शोधताना साहेबांचाच नंबर कशाला देता!). आणि रिजेक्शन कमी केल्याची जी ओळ शेवटच्या पानावर कोपऱ्यात पडली होती ती वर आणली, आकडे तुमचेच आहेत, मी एकही वाढवलेला नाही. पगारासमोर तुम्ही साडेआठ लिहिलंय, मी आठ आणि पुढे निगोशिएबल असं लिहू का? साडेआठ बघितलं तर तिथेच बाजूला ठेवतील असं मला वाटतं, पण तुम्ही म्हणाल तेच जाईल.

आणि एक, गेल्या सहा महिन्यांत दुसऱ्या कुठल्या कन्सल्टंटने तुमचा रिझ्युमे तिथे टाकलाय का, किंवा तुम्ही स्वतः त्यांच्या साइटवर भरलाय का? या क्लायंटकडे पहिल्यांदा ज्याच्याकडून आला त्याचाच धरतात, आणि दोन ठिकाणांहून आला तर भांडण नको म्हणून कॅन्डिडेटच वगळतात. कुणाला हो म्हटलं असेल आणि आता आठवत नसेल तर जीमेलमध्ये शोधून बघा.

पैशाचं म्हणाल तर तुमच्याकडून मला काही नको, माझी फी क्लायंट देतो. माझ्या नावाने कुणी रजिस्ट्रेशन किंवा सिक्युरिटी डिपॉझिट मागितलं तर देऊ नका.

तुमचं हो असेल तर याच मेलला रिप्लाय करून लिहा की 'या सिन्नरच्या पोस्टसाठी जोडलेला रिझ्युमे पाठवायला माझी हरकत नाही', आणि त्याखाली सध्याचं फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगवेगळं, नोटीस पिरियड 60 दिवसच आहे ना आणि बायआउट चालतं का, एवढं टाका. हे हो फक्त या एका पोस्टसाठी, उद्या दुसरी कंपनी आली तर मी पुन्हा विचारणार. व्हॉट्सअॅपवर नुसता अंगठा पाठवू नका, तो मी हो धरत नाही. हो म्हटल्यावर मन बदललं तरी सांगा, मी क्लायंटला प्रोफाइल मागे घेतोय असं कळवेन आणि फाइल डिलीट करायला सांगेन, 2023 च्या डेटा कायद्यातही संमती मागे घ्यायचा हक्क दिलाय.

नको असेल तर एका ओळीत नको म्हणा, कारण द्यायची गरज नाही, आणि पुढच्या पोस्टला मी तुम्हाला विचारणार नाही असंही काही नाही. गुरुवारी उत्तर आलं नाही तर मी नाही असंच समजेन आणि शुक्रवारी सकाळी बाकीचे प्रोफाइल पाठवून देईन.

फोन करायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर करा, शॉप फ्लोअरवरून नको.

वर्षा
रिक्रूटमेंट कन्सल्टंट, नाशिक