मधल्या दाराचा उंबरा

फैजपूरच्या धाब्याच्या घरात अण्णा आणि माईंनी संसार केला, मुले वाढवली, केळीच्या बागांचे हिशेब लिहिले. आता माडीचा अरुंद सागवानी जिना माईंच्या गुडघ्यांना झेपत नसल्यामुळे, जिथे पूर्वी धान्याच्या कणग्या असत त्या खालच्या खोलीत त्यांचे शयनगृह तयार होत होते. न्हाणीघरात खडबडीत फरशी, भिंतीला आधाराच्या दांड्या आणि उंच कमोड बसला होता. ओसरीची एक फूट उंची उतरायला बारा फूट लांब उतार लागेल, हा लेकीचा हिशेब ऐकून अण्णांनी अंगणातील तुळस न हलवता तो उतार वळवून घ्यायला लावला होता.

मिस्त्रीने मधल्या दाराच्या उंबऱ्याला छिन्नी लावली, तेव्हा मात्र माई उठल्या.

"अहो, याच उंबऱ्यावरचं माप ओलांडून मी या घरात आले."

"आणि गेल्या पावसाळ्यात याच उंबऱ्याला अडखळून तू पडलीस," अण्णा म्हणाले, "त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही."

इतक्या वर्षांच्या सहवासात अण्णांनी स्वतःची भीती अशी उघड बोलून दाखवल्याचे माईंना आठवत नव्हते. त्या बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"काढा," त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "पण लाकूड फोडू नका, त्याची देवघराला फळी करा. आणि न्हाणीतली दांडी चार बोटं खाली घ्या, माझा हात तिथवर पोहोचत नाही."