मोठ्या गिऱ्हाइकांचा खरा हिशेब, २०२४-२५

मोठे बाबा,

टॅलीत गिऱ्हाइकाचा नफा म्हणजे फक्त विक्री वजा खरेदी. डिझेल वाहन खात्यात जातं, बँकेच्या सीसी कर्जाचं व्याज बँक खात्यात, मुदत संपलेला माल तूट खात्यात. या खर्चावर कोणाचंच नाव नसतं. म्हणून फेऱ्यांची वही, वसुलीच्या तारखा आणि क्रेडिट नोटा मी गिऱ्हाइकवार लावल्या.

पुसदचं सुपर मार्केट आपलं सर्वात मोठं खातं. विक्री ९६ लाख, साडेपाच टक्क्यांनी ५.२८ लाख सुटतात. उधारी ठरली २१ दिवसांची, पैसे येतात सरासरी ७५ दिवसांनी. म्हणजे कायम १९.७ लाख अडकलेले. ११ टक्क्यांनी व्याज २.१७ लाख. आठवड्याला तीन, वर्षाला १५६ फेऱ्या. डिझेल-भत्ता फेरीला १,४०० धरून २.१८ लाख. ड्रायव्हरचा पगार यात नाही, फेऱ्या घटल्या तरी तो द्यावाच लागतो. हमाली ४२ हजार, परत आलेला माल ७१ हजार, वर्षअखेरची एक टक्का सूट ९६ हजार. एकूण ६.४४ लाख. यांच्या विक्रीमुळे कंपनीच्या सवलतीचा वरचा स्लॅब मिळतो, त्याचे ४० हजार जमा धरले तरी तोटा ७६ हजार.

ऑगस्टमधलं एक चलान समोर आहे: बिस्किटाच्या तीन पेट्या, तेलाचा एक डबा, थोडा मसाला. बिल ८,२०० चं, सुटले साडेचारशे, गाडी गेली चौदाशेची. अशा फोनवरच्या ऑर्डरींनीच खातं खाल्लं.

वसतिगृहाला जेवण पुरवणारे ठेकेदार: विक्री ६४ लाख, नफा २.५६ लाख. त्यांचं सरकारी बिल निघेपर्यंत १४० दिवस जातात, नुसतं व्याजच २.७० लाख. गाडीचे ३८ हजार धरून तोटा ५२ हजार. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा एमएसएमईचा नियम इथे कामी येत नाही. २०२१ पासून आपल्यासारख्या व्यापाऱ्यांना एमएसएमईची उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतीच.

कमी मार्जिन म्हणजे तोटा, असंही नाही. आर्णीचे व्यापारी तीनच टक्के देतात, पण स्वतःची गाडी आणून अख्खी पोती उचलतात आणि सात दिवसांत आरटीजीएस करतात. ८० लाखांवर २.०५ लाख निव्वळ. घाटंजी लाईनची ३८ छोटी दुकानं मिळून ५८ लाखांची, पण सेल्समनचा खर्च वजा जाऊनही २.३८ लाख देतात. त्या लाईनची गाडी पुसदच्या तातडीसाठी अडवणं मला अजिबात पटत नाही.

पुसदला तोडायचं नाही. आठवड्याला एकच फेरी आणि ३० दिवसांत पैसे, एवढं झालं तर हेच खातं दोन लाखांच्या आसपास देईल. मधल्या ऑर्डरला गाडीभाडं वेगळं लावू. ठेकेदारांना मात्र मागचं बिल चुकतं केल्याशिवाय नवा माल नको.

पुसदच्या शेठजींशी तुमचे जुने संबंध आहेत, बोलणं तुम्हीच करावं. खातेउतारा आणि फेऱ्यांची यादी सोबत लावली आहे.

तुमचा पुतण्या
दारव्हा, एप्रिल २०२५