समितीच्या खोलीबाहेर

आत आधीच्या मुलाची सुनावणी लांबली होती. सायलीने मांडीवर फाईल उघडून कागद पुन्हा क्रमाने लावले. सर्वांत वर गूगल डॉक्सच्या व्हर्जन हिस्टरीच्या प्रिंट: अकरा दिवस वाढत गेलेला निबंध, उडवलेली प्रस्तावना, रात्री पावणेबाराला बदललेला शेवट. त्याखाली वहीची पानं. विषय कोयनेचा १९६७ चा भूकंप. आजीने सांगितलेलं तिने पेन्सिलने उतरवलं होतं, ‘पहाटे, अंधारात’ या शब्दांखाली दोन रेघा.

निबंध एआयकडून लिहून घेतल्याचा आरोप होता, आणि एआय ओळखणाऱ्या साधनाच्या अहवालात फक्त ‘८२ टक्के एआय’. कुठलं वाक्य, का, काही नाही. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, यावर असली साधनं बरीचशी चालतात. मराठी माध्यमातून आलेली सायली इंग्रजी जपून लिहायची, छोटी, पाठ्यपुस्तकी वाक्यं. तीच संशयात सापडली. तो आकडा अंदाज आहे, पुरावा नव्हे, हे तिने निवेदनात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

“पोरी, पाणी पी. आता तुझाच नंबर,” शिपाईमामा म्हणाले.

“मामा, लॅपटॉप आत चालेल का? प्रिंटमध्ये थोडंच दिसतं. कुठल्या दिवशी काय खोडलं, ते उघडून दाखवायचंय.”

“मोबाईल नाही चालत. लॅपटॉपचं विचारतो.”

ते आत जाऊन आले. “आण म्हणतात. पण दहाच मिनिटं.”

“पुरतील,” सायली म्हणाली आणि चार्जर काढून उठली.