शेतातून उशिरा आलेला मुलगा

वाचन: लूककृत शुभवर्तमान, अध्याय 15, वचने 25 ते 32

प्रिय बंधुभगिनींनो,

उधळ्या पुत्राचा दाखला तुम्हाला पाठ आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तो संडे स्कूलमध्ये शिकवलाही आहे. दूर देश, डुकरं, शेंगा, धावत येणारा बाप. आज आपण तिकडे जाणार नाही. शेतात एक जण अजून काम करतोय, त्याच्याकडे जाऊ. तो जे बोलेल ते बोलू द्या. मधेच ‘असं म्हणू नये’ म्हणून त्याला गप्प करू नका.

तो म्हणतो:

‘दिवसभर शेतात होतो. पाठ भरून आली होती. घराजवळ आलो तर वाद्यं वाजतायत, लोक नाचतायत. माझ्याच घरात काय चाललंय, हे मला गड्याला विचारावं लागलं. तो म्हणाला, तुमचा भाऊ आलाय, वडिलांनी पुष्ट वासरू कापलंय. अंगरखा आणला, अंगठी आणली, जोडे आणले, वासरू कापलं, वाजवणारे बोलावले. एवढ्या सगळ्यात कोणाला तरी शेतात पाठवावं, थोरल्याला बोलवून आणावं, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. का येईल? मी कुठे जाणार आहे? मी असतोच.

‘वाटणी झाली तेव्हा धाकट्याने आपला हिस्सा मागून घेतला, विकला, उडवला. मी काही मागितलं नाही. तो गेल्यावर त्याच्या वाटचं कामही माझ्यावर आलं. बाबा रोज वाटेकडे डोळे लावून बसायचे. तेव्हा नांगराला मी होतो. आता तो परत आलाय, अंगाला डुकरांचा वास घेऊन, आणि जे वासरू कापलंय ते हिशेबाने माझ्या वाट्यातलं आहे. मला कोणी विचारलं?’

बंधुभगिनींनो, हिशेबात तो चुकत नाही. अनुवाद 21:17 प्रमाणे पहिल्या मुलाला दुप्पट वाटा. मुलगे दोन, म्हणजे वाटे तीन, त्यातले दोन थोरल्याचे. आणि लूक स्पष्ट लिहितो की बापाने मालमत्ता दोघांना वाटून दिली होती. धाकट्याचा भाग दूर देशात संपला. त्या रात्री जे जे वाढलं गेलं ते उरलेल्या दोन भागांतून. क्षमेला खर्च येतो आणि तो बऱ्याचदा घरी राहिलेल्याच्या खिशातून जातो. आपण प्रवचनांतून हे सांगत नाही. मीही आजवर सांगितलं नव्हतं.

काही आठवड्यांपूर्वी उपासनेनंतर आपल्यातल्या एक ताई मंदिराच्या किल्ल्या हातात धरून थांबल्या होत्या. त्यांना विचारूनच सांगतोय. ‘पाळकसाहेब,’ त्या म्हणाल्या, ‘नवीन माणूस साक्ष द्यायला उभा राहतो, सगळे रडतात, टाळ्या वाजवतात. मला आनंद होत नाही. मग मला माझीच लाज वाटते.’ मला उत्तर सुचलं नाही. मी म्हणालो, ‘प्रार्थना करू.’ आम्ही असं म्हणतो तेव्हा कधीकधी त्याचा अर्थ एवढाच असतो की आम्हाला घरी जायचंय. घरी येऊन मी हा अध्याय पुन्हा काढला.

आता थोरल्याचं बापाशी झालेलं बोलणं नीट पाहा. धाकटा दरवेळी ‘बाबा’ म्हणून सुरुवात करतो, पैसे मागतानासुद्धा. थोरला थेट म्हणतो, ‘पाहा, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय.’ बाबा हा शब्दच नाही. चाकरीसाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो गुलामाच्या राबण्याचा. पुढे ‘हा तुमचा मुलगा’. भाऊ हा शब्दही गेला. वर तो कसबिणींचा उल्लेख करतो. गोष्टीत तोपर्यंत फक्त उधळपट्टी सांगितली आहे, बाकीचं यानेच जोडलं. थकलेला माणूस असं बोलतो. मनात वर्षानुवर्षं घोळवलेलं एकदम बाहेर पडतं.

मग करडू. ‘मित्रांबरोबर आनंद करायला मला कधी एक करडूही दिलं नाहीत.’ मी या वाक्यापाशी बराच वेळ थांबलो. त्याने कधी मागितलं होतं का? वचनात तसं काही नाही. दोन वाटे ज्याच्या नावावर, तो एका करडासाठी कोणीतरी ‘घे’ म्हणण्याची वाट पाहत राहिला.

इथे धाकट्याची आठवण येते. डुकरांजवळ बसून त्याने वाक्य घोकलं होतं: मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी आल्यावर ते वाक्य त्याच्या तोंडून आलेलंच नाही. वचन 21 वाचा. त्याआधीच बाप दासांना अंगरखा आणायला सांगतो. नोकर होऊन परत यायला बापाने त्याला जागाच ठेवली नाही. आणि ज्याने घर कधी सोडलं नाही तो मात्र इतकी वर्षं त्याच घरात नोकरासारखा राहिला. धाकट्याला जे व्हायचं होतं ते थोरला होऊन बसला होता, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण काम उत्तम चाललं होतं.

तुमच्यापैकी अनेकांचं हेच झालंय. दानाची मोजणी तुम्हीच करता. आजाऱ्यांच्या भेटीची यादी तुमच्याचकडे. घरी अंथरुणाला खिळलेली आई तुमच्याच वाट्याला, आणि वर्षातून एकदा येणाऱ्या भावाचं तिला कौतुक. तुम्ही नाही म्हणत नाही, म्हणून पुढचं कामही तुमच्याकडेच येतं. यात पंचमंडळीची चूक आहे, माझीही आहे. शेतात निरोप पाठवायला आम्ही विसरलो.

पण बाप बाहेर आला. पाहुणे आत बसलेत, पंगत अर्धी झालीय आणि यजमान अंगणात उभा राहून रुसलेल्या मुलाची समजूत काढतोय. त्या काळच्या बापाला हे न शोभणारं होतं, धाकट्यासाठी धावणं जितकं न शोभणारं तितकंच. ‘तुझा हिशेब चुकीचा आहे’ असं तो म्हणत नाही. ‘लाज वाटू दे’ म्हणत नाही. ‘बाळ’ म्हणतो. ज्याने बाबा म्हणायचं टाळलं, त्याला बाळ. ‘तू नेहमीच माझ्याबरोबर आहेस, आणि माझं जे काही आहे ते सगळं तुझंच आहे.’ म्हणजे करडूसुद्धा. मग तेवढ्याच शांतपणे एक शब्द तो बदलतो. ‘तुमचा मुलगा’च्या जागी ‘हा तुझा भाऊ’.

पुढे थोरला आत गेला का? प्रभूने सांगितलेलं नाही. अध्यायाच्या सुरुवातीला परूशी आणि शास्त्री कुरकुरत होते की हा पाप्यांबरोबर जेवतो. दाखला त्यांनाच सांगितला होता, म्हणून तो दाराबाहेरच थांबतो. आत जायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं.

त्या ताईंना मी आज तेव्हाचं उत्तर देतो. ताई, आनंद होत नसेल तर टाळ्या वाजवू नका. बाहेर अंगणात उभ्या राहा. बाप तिथेही येतो, आणि आलेल्या बापाशी भांडलात तरी चालेल.

आजची सूचना एकच. उपासनेनंतर खुर्च्या मी आणि पंच उचलणार आहोत. जे दर रविवारी उचलतात त्यांनी बसून राहायचं, चहा त्यांना आधी मिळेल. मोजणीला आज दुसरे दोघे बसतील. आणि ताई, किल्ल्या माझ्याकडे द्या.

उभे राहू या.