रत्नागिरी ते नागपूर: काच आणि पितळ बांधायची यादी

☐ पितळ आधी. समई, घंगाळ, कळशी चिंच-मीठ लावून घासा, खळखळून धुवा, पुसून दिवसभर उन्हात ठेवा. ओल राहिली तर हिरवे डाग धरतात, आणि आपली हवा खारी.

☐ समईचे भाग सुटे करून जुन्या सुती साडीत गुंडाळा.

☐ घंगाळात तांबे-वाट्या, मध्ये कापड. काचेचा एक पेलाही त्यात नको.

☐ पेल्यांत कागद कोंबा, उभेच ठेवा.

☐ काचेच्या बशा एकावर एक रचू नका, कडेवर उभ्या लावा.

☐ खोका हलवून पाहा. किणकिण ऐकू आली तर उघडून फटी भरा. पुढे आंबा घाट आहे.

☐ आजीच्या कंदिलाची काच ट्रकमध्ये नाही, माझ्या मांडीवर.