१९ जून ते ८ जुलै : मी वारीच्या रजेवर आहे, ऑफिस चालू आहे

ईमेलचं स्वयंचलित उत्तर (१८ जूनच्या संध्याकाळपासून)

विषय : मेल पोहोचला. मी बुधवार, ९ जुलैला परत येते, तोवर अनुजाशी बोला

नमस्कार,

तुमचा मेल आला आहे. हे उत्तर आपोआप गेलेलं आहे. मी तुमचा मेल अजून वाचलेला नाही आणि ९ जुलैपर्यंत वाचणारही नाही.

गुरुवारी, १९ जून २०२५ ला आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर मी पंढरपूरला निघते आहे. आषाढी एकादशी रविवारी, ६ जुलैला आहे. द्वादशीला उपास सोडून एसटीनं फलटणला परतायचं. मंगळवार, ८ तारीख पायांसाठी ठेवली आहे. बुधवार, ९ जुलैला सकाळी १० वाजता मी माझ्या टेबलाशी असेन.

ऑफिस मात्र रोजच्यासारखं उघडं आहे. माझ्या जागी अनुजा सगळं पाहते. तिची वेळ सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६. तिच्याशी बोलायचं तर ऑफिसच्या नंबरवर फोन करा, तोच जो आमच्या बिलावर वरच्या बाजूला छापलेला आहे. मेल करायचा असेल तर याच पत्त्यावर करा, पण विषयात ‘तातडीचं’ हा एक शब्द लिहा. तो शब्द असलेला मेल अनुजाच्या इनबॉक्समध्ये जातो. दुपारी ४ पर्यंत आलेल्या मेलला ती त्याच दिवशी उत्तर देईल, नंतर आलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी. तो शब्द नसलेले मेल माझी वाट पाहत थांबतील.

एकच दिवस अडचणीचा आहे. शनिवार, २८ जूनला पालखी फलटण मुक्कामी असेल. त्या दिवशी ऑफिस बंद राहील, कारण विमानतळावरच्या तळाकडे जाणारे रस्ते माणसांनी भरलेले असतात आणि अनुजाच्या घरी शंभर वारकऱ्यांची पंगत असते. मी त्या रात्री गावातच असेन, पण ऑफिसात येणार नाही. तळावर भेटलात तर आनंदच आहे. फाइल मात्र आणू नका.

आता कामांचं. निघण्याआधी जे करायचं ते केलं आहे. मे महिन्याची सगळ्या मासिक ग्राहकांची जीएसटीआर-३बी १७ जूनला भरून झाली. कंपोझिशनवाल्यांचं जीएसटीआर-४, ज्याची मुदत ३० जून आहे, तेही झालं. तुम्हाला पावती मिळाली नसेल तर अनुजाला विचारा, ती लगेच पाठवेल.

माझ्या गैरहजेरीत ज्या तारखा येतात त्या अशा. व्यवसाय कराचे वार्षिक २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे आहेत. चलन अनुजा काढून देते, पैसे तुम्ही भरा. जूनमध्ये कापलेला टीडीएस सोमवार, ७ जुलैपर्यंत सरकारजमा व्हायला हवा. भाडं, वाहतूक, ठेकेदार यांचे आकडे कृपया ३ जुलैपर्यंत तिच्याकडे द्या. ७ तारखेच्या संध्याकाळी आकडे आले तर चलन अडकतं. एक दिवस उशीर झाला तरी व्याज महिन्याला दीड टक्क्यानं लागतं, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जातो. जूनची जीएसटीआर-१ शुक्रवार, ११ जुलैची आहे. तेव्हा मी आलेली असेन, पण विक्रीची बिलं ५ जुलैपर्यंत पोहोचली तरच ती वेळेत जाईल.

आयकर विवरणाची घाई नको. बिनऑडिटच्या विवरणाची मुदत यंदा ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली आहे. फॉर्म १६, बँकेची स्टेटमेंट, व्याजाचे दाखले जमतील तसे ऑफिसात आणून ठेवा. अनुजा प्रत्येकाला पोच देईल. मी ही विवरणं १५ जुलैनंतर हातात घेईन, आणि तुमचे कागद पूर्ण असतील तर त्यानंतर साधारण १० दिवस धरा. त्याआधी होईल असं मी सांगू शकत नाही.

नोटीस आली असेल तर थांबू नका. हे मी ठळक सांगते, कारण मागच्या वारीत माझ्याकडून चूक झाली. तेव्हा मी स्वयंचलित उत्तरात ‘फोन चालू आहे, गरज पडल्यास कळवा’ असं लिहिलं होतं. जीएसटी नोंदणीच्या एका अर्जावर खात्यानं शंका विचारली होती. अशा शंकेला उत्तर द्यायला कामकाजाचे ७ दिवस मिळतात. त्या ग्राहकानं मला मेसेज केला आणि ते निश्चिंत झाले. मेसेज मी पाहिला पाचव्या दिवशी, लोणंदच्या मुक्कामात, एका दुकानात फोन चार्जिंगला लावल्यावर. तिथून कागद शोधून उत्तर तयार होईपर्यंत मुदत उलटली, अर्ज नामंजूर झाला आणि नव्यानं सगळं करावं लागलं. त्यांचं दुकान जवळपास महिनाभर उशिरा सुरू झालं. लाखो माणसं एका माळावर जमली की फोन हातात असूनही लागत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. म्हणून यंदा ‘गरज पडल्यास कळवा’ हे वाक्य मी काढून टाकलं आहे. नोटीस, शंका, सुनावणीची तारीख, पोर्टलवरचा कुठलाही लाल अक्षरातला संदेश, त्याचा फोटो किंवा पीडीएफ त्याच दिवशी अनुजाला पाठवा. ती मुदत मोजेल, आणि उत्तर ९ जुलैच्या आत द्यायचं असेल तर बारामतीचे माझे ज्येष्ठ सहकारी ते पाहतील. ते स्वतः सीए आहेत आणि आमच्या फायली त्यांना ठाऊक आहेत. खात्याचे अधिकारी तपासणीला प्रत्यक्ष दारात आले तर आधी अनुजाला फोन करा. ती थेट बारामतीच्या सहकाऱ्यांना फोन जोडून देईल.

बँकेच्या कर्जासाठी किंवा व्हिसासाठी सीएचं प्रमाणपत्र हवं असेल तर अनुजा ते देऊ शकत नाही, आणि मी कोऱ्या कागदावर सही करून ठेवलेली नाही. अगदी अडलं तर बारामतीचे सर स्वतःच्या सहीनं देतील, पण तुमचे कागद ते पहिल्यापासून तपासतील. त्याला चार दिवस लागतात. बँकेला तसं आधीच सांगून ठेवा.

जमीन किंवा प्लॉट विकून कर वाचवण्याबद्दल विचारायचं असेल तर बहुतेकांचं २० दिवसांनी काही बिघडत नाही. एक अपवाद आहे. विक्री डिसेंबर २०२४ च्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली असेल, तर ५४ईसी रोख्यांसाठीचे ६ महिने मी परत येण्याआधी संपतात. तसं असेल तर आजच अनुजाला दस्ताची तारीख सांगा.

आणखी एक. या दिवसांत माझ्या नावानं कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. आवाज माझ्यासारखा वाटला तरी देऊ नका. ओटीपी फक्त अनुजा मागेल, तेही ऑफिसच्या नंबरवरून, आणि कशासाठी ते आधी सांगून.

आईनं बावीस वर्षं तुळशीचं वृंदावन डोक्यावर घेऊन ही वाट चालली. यंदा तिचे गुडघे चालत नाहीत. तुळस माझ्याकडे आली आहे. त्यामुळे हे दिवस मला पूर्ण हवे आहेत.

राम कृष्ण हरी,
मीनाक्षी
सनदी लेखापाल, फलटण

व्हॉट्सॲपचा आपोआप जाणारा मेसेज

राम कृष्ण हरी 🙏 मी १९ जून ते ७ जुलै वारीत आहे, ९ जुलैला (बुधवार) ऑफिसात. इथले मेसेज मी वाचणार नाही, म्हणून कागद, बिलं, नोटिसा इथे पाठवू नका, हरवतील. ऑफिसच्या नंबरवर अनुजाला फोन करा (सोम ते शनि, १० ते ६, २८ जूनला बंद). तुम्ही इथे पाठवलेलं आधीच काही असेल तर तेही तिला पुन्हा पाठवा. घरच्या माणसांनी आईला फोन करावा. दिंडीच्या सामानाच्या ट्रकचालकाचा नंबर तिच्याजवळ आहे, मुक्कामावर निरोप पोहोचतो.

पहिल्यांदाच संपर्क करणाऱ्यांसाठी (वेबसाइटच्या फॉर्मचं उत्तर)

नमस्कार,

चौकशीबद्दल आभार. मी ८ जुलैपर्यंत रजेवर आहे. नवं काम स्वीकारायचं की नाही हे मी स्वतः बोलून ठरवते, त्यामुळे तुम्हाला माझा फोन १४ ते १९ जुलैच्या दरम्यान येईल. तेवढं थांबणं शक्य असेल तर तुमचं नाव, व्यवसाय आणि कोणतं काम आहे एवढं या मेलच्या उत्तरात लिहा. पॅन, आधार, पासवर्ड आत्ता पाठवू नका.

तुमची मुदत त्याआधी संपत असेल तर कृपया आमच्यासाठी थांबू नका, दुसऱ्या सीएंकडे जा. पुढच्या वेळी जरूर भेटू.

मीनाक्षी

ऑफिसच्या दारावर

मॅडम वारीला गेल्या आहेत. परत : बुधवार, ९ जुलै.
ऑफिस चालू. आत अनुजा आहे.
शनिवार २८ जून, पालखी मुक्काम : बंद.
कागद दाराखालून सरकवू नका. आत द्या, पोच घ्या.

९ ते १२ जुलै : परतल्यानंतरचं उत्तर

विषय : मी आले आहे, पण उत्तराला शनिवारपर्यंत वेळ द्या

नमस्कार,

मी आजपासून ऑफिसात आहे. वीस दिवसांचे मेल समोर आहेत आणि ते मी आलेल्या क्रमानं वाचत नाही. आधी नोटिसा, मग शुक्रवारची जीएसटीआर-१, मग तिमाहीवाल्यांची १३ तारखेची जीएसटीआर-१, मग बाकीचं. तुमच्या जुन्या मेलला शनिवार, १२ जुलैपर्यंत माझ्याकडून उत्तर येईल. तोच मेल पुन्हा पाठवू नका. पुन्हा पाठवला की तो रांगेत दोनदा दिसतो आणि मला दोन्ही उघडावे लागतात.

शनिवारीही उत्तर आलं नाही तर समजा की तुमचा मेल माझ्या नजरेतून सुटला. सोमवारी, १४ तारखेला थेट फोन करा. संकोच करू नका. अनुजानं या काळात तुम्हाला जे सांगितलं ते माझंच सांगणं समजा, ते मी बदलणार नाही. तिला काही चुकलं असं वाटलं तर ती स्वतः माझ्याकडे घेऊन येते, आणि मग तुम्हाला फोन मी करेन.

प्रसाद ऑफिसात ठेवला आहे. कागद द्यायला याल तेव्हा घ्या.

मीनाक्षी