ऑनलाइन दुकानाच्या पावत्या स्पॅममध्ये का जातात ते शोधून दुरुस्त करते

ग्राहक खरेदी करतो, त्याच्या खात्यातून पैसे जातात आणि पावतीचा मेल मात्र त्याला दिसत नाही. कोणी थोडा वेळ थांबून आपल्याला विचारतो, कोणी तीच ऑर्डर दुसऱ्यांदा नोंदवतो, तर कोणी फसवणूक झाली असे समजून सरळ बँकेकडे तक्रार करतो. आपण दुकानाच्या यंत्रणेत पाहता, तेव्हा त्या मेलपुढे ‘पोहोचला’ असेच लिहिलेले असते. ती नोंद खोटी नसते, पण तिचा अर्थ एवढाच असतो की ग्राहकाच्या बाजूच्या सर्व्हरने मेल स्वीकारला. स्वीकारल्यानंतर त्याने तो इनबॉक्समध्ये ठेवला की स्पॅममध्ये, हे त्या नोंदीतून कळत नाही.

मी या एकाच प्रश्नावर काम करते. ऑर्डरची पावती, माल रवाना झाल्याची सूचना आणि पासवर्ड बदलण्याची लिंक, हे ग्राहक ज्यांची वाट पाहत असतो असे मेल स्पॅममध्ये का जातात, याचा शोध घेणे आणि आपल्या बाजूचे दोष दूर करणे, एवढेच माझे काम आहे.

लहान दुकानांत मला बहुतेक वेळा मजकुराचा दोष आढळत नाही. मेल आपल्याच डोमेनवरून आला हे स्वीकारणाऱ्या सर्व्हरला नीट पटत नाही, हे मूळ कारण असते. दुकानाचे सॉफ्टवेअर, रोजच्या पत्रव्यवहाराची सेवा, जाहिरातींचे मेल पाठवणारी सेवा आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर असे चार वेगवेगळे सर्व्हर आपल्या नावाने मेल पाठवत असतात आणि त्यांतील एखाद्याला तशी परवानगी देण्याचे कोणीतरी विसरलेले असते. ही परवानगी एसपीएफ नावाच्या नोंदीत लिहिलेली असते. एका डोमेनला अशी एकच नोंद असावी लागते. नवीन सेवा जोडताना जुन्या नोंदीत भर घालण्याऐवजी दुसरी नोंद तयार केली, तर तपासणीत दोन्ही बाद ठरतात. नोंद एकच असली तरी ती तपासताना डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या यंत्रणेत, १० पेक्षा जास्त शोध घ्यावे लागले, तरी तपासणी बादच ठरते, आणि चार-पाच सेवा जोडल्यावर ही मर्यादा कधी ओलांडली गेली ते लक्षातही येत नाही.

याहून फसवा प्रकार वेगळा आहे आणि दुकानदारांचा सर्वाधिक वेळ त्यातच वाया गेलेला मी पाहिला आहे. मेलची तांत्रिक माहिती उघडली, तर एसपीएफ उत्तीर्ण आणि डीकिमची डिजिटल स्वाक्षरीही उत्तीर्ण दिसते, तरी या दोन्हींवर आधारलेली डीमार्कची तपासणी मात्र अनुत्तीर्ण असते. कारण असे की त्या दोन्ही तपासण्या मेल पाठवणाऱ्या सेवेच्या डोमेनसाठी उत्तीर्ण झालेल्या असतात, तर ग्राहकाला ‘प्रेषक’ म्हणून आपल्या दुकानाचे डोमेन दिसते. त्या दोन्हींपैकी किमान एकीतील डोमेन प्रेषकाच्या डोमेनशी जुळले पाहिजे, अशी डीमार्कची अट असते. ही जुळणी साधली की अनेक दुकानांचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. जुळणी शक्यतो डीकिमच्या बाजूने साधावी असे माझे मत आहे, कारण ग्राहकाने आपले मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवून घेतले असतील, तर एसपीएफ बहुधा तुटते, पण मजकुरात बदल झाला नसेल तर स्वाक्षरी टिकते.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी प्रेषकांसाठीचे नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही लागतात, आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत पोहोचू द्यायचे नसते. आपले दुकान लहान आहे म्हणून हा नियम आपल्याला लागू नाही, असे समजू नये. ही मोजणी मूळ डोमेनवर, म्हणजे त्याची सर्व उपडोमेन धरून होते, आणि सेलच्या एका दिवशीही हा आकडा गाठला, तर गुगल त्या डोमेनला पुढे कायम मोठा प्रेषक मानते. तक्रारींच्या या मर्यादेमुळेच जाहिरातींचे मेल आणि पावत्या वेगवेगळ्या उपडोमेनवरून पाठवण्याचा आग्रह मी धरते. जाहिरातींवर आलेल्या तक्रारींची झळ त्यामुळे पावत्यांना कमी बसते.

कामाची सुरुवात मी स्पॅममध्ये गेलेल्या एका खऱ्या मेलपासून करते. त्याची संपूर्ण तांत्रिक माहिती वाचून कारण निश्चित करते आणि त्यानंतरच डोमेनच्या नोंदींकडे वळते. आपल्याकडे डीमार्क नसेल, तर पहिली नोंद अशी असते, ज्यात अहवालाचा पत्ता अर्थातच आपला असेल:

```
v=DMARC1; p=none; rua=mailto:reports@example.com
```

या नोंदीमुळे कोणताही मेल अडत नाही. आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवत आहे, याचे अहवाल मात्र येऊ लागतात. किमान दोन आठवड्यांचे अहवाल वाचल्याशिवाय मी `p=quarantine`, म्हणजे तपासणीत न उतरलेले मेल स्पॅममध्ये टाकण्याची सूचना, किंवा `p=reject`, म्हणजे ते नाकारण्याची सूचना, यांच्याकडे जात नाही, मग कितीही घाई असली तरी. एका दुकानात माझ्या आधी कोणीतरी एका दिवसात `p=reject` लावून ठेवले होते आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून जाणारी बिले कित्येक दिवस परत येत होती. परत आलेल्या मेलच्या सूचना ज्या पत्त्यावर जात होत्या, तो कोणी उघडतच नव्हते. तेव्हापासून प्रत्येक कामात तो पत्ता मी आधी विचारून घेते.

काम संपल्यावर आपल्याला साध्या मराठीत लिहिलेली एक वही मिळते. तिच्यात प्रत्येक नोंद कशासाठी आहे, कोणत्या सेवेशी जोडलेली आहे आणि ती सेवा बंद केल्यास काय काढून टाकायचे, हे लिहिलेले असते. पुढच्या वेळी नवीन सेवा जोडताना माझी गरज भासू नये, असा ती लिहिण्यामागचा माझा प्रयत्न असतो.

काही कामे मी घेत नाही. विकत घेतलेल्या पत्त्यांच्या याद्यांवर मेल पाठवण्यास मी मदत करत नाही. अशा मेलवर तक्रारी येतात आणि त्या योग्यच असतात. प्रत्येक मेल इनबॉक्समध्येच जाईल अशी हमीही मी देत नाही, कारण अंतिम निर्णय स्वीकारणाऱ्या सर्व्हरचा असतो. आपल्या बाजूचा एकही तांत्रिक दोष न कळवता सोडणार नाही, हे मात्र मी लेखी देते. तपासणीचे मानधन आधी ठरलेले असते आणि दुरुस्तीचा खर्च तपासणीनंतर, कारण कळल्यावरच सांगते.

संपर्क करताना पहिल्या निरोपात आपले डोमेन, आपल्या नावाने मेल पाठवणाऱ्या जितक्या सेवा आठवतील त्यांची नावे आणि पावत्या न मिळण्याच्या तक्रारी साधारण कधीपासून सुरू झाल्या, एवढे लिहावे. त्या सुमारास दुकानाचे सॉफ्टवेअर, होस्टिंग किंवा मेलची सेवा बदलली असल्यास तेही आवर्जून कळवावे. कोणताही पासवर्ड पाठवू नये. डोमेनच्या नोंदी बाहेरूनही वाचता येतात आणि बदल करण्याची वेळ आली की ते आपल्याच हातून, मी समोर ऑनलाइन असताना करून घेते.